४०० मीटरचे शेवटचे ८० मीटर: लॅक्टेट, धाप आणि ऑक्सिजनचे कर्ज

प्रश्न: मी ४०० मीटर ५२ सेकंदांत धावतो, वजन ६० किलो. ३२० मीटरनंतर पाय दगडासारखे होतात आणि शर्यत संपल्यावर बराच वेळ धाप थांबत नाही. प्रशिक्षक म्हणतात, लॅक्टिक ॲसिड साठते आणि ऑक्सिजनचे कर्ज फिटेपर्यंत ते जात नाही. माझा मित्र दीड तास पळून आल्यावर लगेच गप्पा मारू लागतो. त्याच्या पायांत लॅक्टिक ॲसिड तयारच होत नाही का? आणि शर्यतीनंतर आडवे व्हावे की चालत राहावे?

उत्तर:

तुमच्या प्रशिक्षकांच्या वाक्यातील निरीक्षणे खरी आहेत, पण त्यांना जोडणारा कार्यकारणभाव चुकीचा आहे. शर्यतीच्या अखेरीस रक्तातील लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक ॲसिडचे शरीरात आढळणारे रूप, खूप वाढलेले असते, पाय उचलत नाहीत आणि धाप लागते, हे सर्व खरे. मात्र पाय थांबवणारी गोष्ट लॅक्टेट नव्हे, आणि नंतरच्या धापेतून जे फेडले जाते तेही मुख्यतः लॅक्टेट नव्हे. हे समजून घेण्यासाठी तुमच्याच ५२ सेकंदांचा हिशेब मांडणे सोयीचे ठरेल.

स्नायूचा तंतू आकुंचन पावताना थेट वापरतो ते फक्त एटीपी, म्हणजे पेशीला तयार ऊर्जा देणारा रेणू. त्याचा स्नायूतील साठा इतका तुटपुंजा असतो की पूर्ण वेगात तो दोन-तीन सेकंदही पुरणार नाही, आणि पेशी तो कधी संपूही देत नाही. म्हणून खरा प्रश्न साठ्याचा नसून एटीपी पुन्हा किती वेगाने तयार होते, याचा आहे. ते तयार करण्याचे मार्ग तीन: क्रिएटिन फॉस्फेट आपला फॉस्फेट गट देऊन एटीपी तत्काळ भरून काढते, ग्लायकोजेनचे, म्हणजे स्नायूत साठवलेल्या साखरेचे, पायरुवेट आणि लॅक्टेटपर्यंत विघटन होताना काहीशा कमी वेगाने एटीपी मिळते, आणि मायटोकॉन्ड्रिया या पेशीतील ऊर्जाकेंद्रांत ऑक्सिजनच्या साहाय्याने ते भरपूर, पण सर्वांत संथ गतीने मिळते. हे तीन मार्ग एकामागून एक सुरू होतात, म्हणजे पहिली दहा सेकंदे फक्त क्रिएटिन फॉस्फेट आणि नंतर लॅक्टेट, असे अनेक ठिकाणी शिकवले जाते. ते खरे नाही. अवघ्या ६ सेकंदांच्या सायकलवरील स्प्रिंटमध्येही ऑक्सिजनविना तयार झालेल्या एटीपीपैकी जवळजवळ निम्मा वाटा ग्लायकोजेनच्या विघटनातून आल्याचे स्नायूचे नमुने तपासून दिसले आहे. तिन्ही मार्ग पहिल्या पावलापासून उघडे असतात. बदलते ते त्यांचे प्रमाण.

आता तुमचा हिशेब. ५२ सेकंदांच्या ४०० मीटरसाठी दर किलो वजनामागे ढोबळमानाने ८५ मिलिलिटर ऑक्सिजनइतकी ऊर्जा लागते, असे धरू. ६० किलोसाठी ती सुमारे ५.१ लिटर होते. हा आकडा थेट मोजता येत नाही. कमी वेगात धावताना मोजलेल्या ऑक्सिजनच्या वापरावरून रेषा पुढे वाढवून तो काढावा लागतो, आणि त्या वेगाच्या पलीकडे ही रेषा सरळच राहील, असे आपण गृहीत धरतो. त्यामुळे तो अंदाज आहे, एवढे लक्षात असू द्यावे. प्रत्यक्षात शर्यतीदरम्यान तुम्ही घेतलेला ऑक्सिजन मात्र तोंडावरच्या मास्कने मोजता येतो, आणि तुमच्या दर्जाच्या धावपटूमध्ये तो २.१ लिटरच्या आसपास भरेल. शरीर आपल्या कमाल ऑक्सिजन ग्रहणक्षमतेजवळ लगेच पोहोचत नाही. हृदयाचा वेग, पायांतला रक्तप्रवाह आणि मायटोकॉन्ड्रियातील प्रक्रिया यांना वर चढायला अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ लागतो. म्हणजे गरजेच्या साधारण ४० टक्के ऊर्जा ऑक्सिजनमधून मिळाली. सरावलेल्या धावपटूंवरील २००१ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीतही हा वाटा २०० मीटरसाठी २९ टक्के, ४०० साठी ४३ टक्के आणि ८०० साठी ६६ टक्के आढळला होता. ४०० मीटरला सर्रास ‘ऑक्सिजनविना शर्यत’ म्हटले जाते, तेव्हा हे आकडे आठवावेत.

उरलेल्या ३ लिटरला ऑक्सिजनची तूट म्हणतात. त्यातला जेमतेम एक लिटर क्रिएटिन फॉस्फेटने भरून काढला. अर्ध्या लिटरहून कमी वाटा रक्तात आणि स्नायूतील मायोग्लोबिनमध्ये आधीच असलेल्या ऑक्सिजनचा. बाकी सर्व भार ग्लायकोजेनच्या विघटनावर पडला, आणि त्याचीच खूण म्हणजे लॅक्टेट.

शर्यतीच्या टप्प्यांवर नजर टाकली, तर पहिल्या १०० मीटरमध्येच पायांतील क्रिएटिन फॉस्फेटचा निम्म्याच्या आसपास साठा खर्च होतो. पुढच्या २०० मीटरमध्ये ग्लायकोजेनचे विघटन सर्वांत जोरात चालते. या वेळी पायरुवेट इतक्या वेगाने तयार होते की मायटोकॉन्ड्रिया ते सामावून घेऊ शकत नाहीत. शिवाय विघटनाच्या साखळीला सतत एनएडी नावाचे एक सहविकर लागते आणि ते वापरले गेल्यावर पुन्हा मूळ रूपात आणावे लागते. पायरुवेटचे लॅक्टेटमध्ये रूपांतर होताना नेमके हेच घडते. म्हणजे लॅक्टेट तयार होणे हा बिघाड नसून साखळी चालू ठेवण्याची सोय आहे. ते तयार झाले नसते, तर तुमचे पाय ३२० मीटरवर नव्हे, कितीतरी आधी थांबले असते.

मग ३२० मीटरला पाय का थांबतात? ‘लॅक्टिक ॲसिड’ हा शब्दच थोडा दिशाभूल करणारा आहे, कारण शरीरातील आम्लतेच्या पातळीला ते आम्लाच्या रूपात जवळजवळ नसतेच; ९९ टक्क्यांहून अधिक भाग लॅक्टेट आयनाच्या रूपात असतो. आम्लता वाढते ती हायड्रोजन आयनांमुळे. थकवून टाकणाऱ्या स्प्रिंटनंतर स्नायूचा पीएच सुमारे ७ वरून ६.५ च्या आसपास उतरतो. हे आयन नेमके कोणत्या पायरीवर सुटतात, याबद्दल रसायनशास्त्राच्या अंगाने अजून वाद आहे. पण पायरुवेटचे लॅक्टेट होताना एक हायड्रोजन आयन खर्च होतो आणि पेशीच्या आवरणातून लॅक्टेट बाहेर पडताना सोबत एक हायड्रोजन आयन घेऊन जाते, या दोन गोष्टी पक्क्या आहेत. म्हणून लॅक्टेट आणि आम्लता एकाच वेळी वाढलेली दिसली, तरी पहिल्याला दुसऱ्याचे कारण म्हणणे घाईचे ठरेल.

आम्लतेचा वाटा मात्र अगदी नाकारता येत नाही. पायांतली ती जळजळ आणि विघटनाच्या विकरांचे मंदावणे यांत तिचा हात आहे. पण तंतूच्या आकुंचनाची ताकद आम्लतेने घटते, हे दाखवणारे जुने प्रयोग बरेचदा थंड केलेल्या स्नायूंवर झाले होते. शरीराच्या तापमानाला तोच परिणाम बराच सौम्य आढळला. त्याहून महत्त्वाचा संशयित म्हणजे अकार्बनी फॉस्फेट. क्रिएटिन फॉस्फेट फुटत गेले की त्यातून सुटलेला फॉस्फेट पेशीत साचतो, प्रथिनांच्या परस्पर पकडीचे बळ कमी करतो आणि आकुंचनासाठी सुटणाऱ्या कॅल्शियमच्या कामातही अडथळा आणतो. याशिवाय एक साधे कारण आहेच: सर्वांत जलद मार्ग, म्हणजे क्रिएटिन फॉस्फेट, ३०० मीटरपर्यंत जवळजवळ संपलेला असतो आणि मागे उरलेले दोन मार्ग मुळातच तितक्या वेगाने एटीपी देऊ शकत नाहीत. बाहेरून पाहणाऱ्याला हे स्पष्ट दिसते. पाऊल जमिनीवर जास्त वेळ टेकून राहते, गुडघा कमी उचलला जातो, खांदे वर चढतात. शेवटच्या १०० मीटरमध्ये कोणीही वेग वाढवत नाही. जो कमी मंदावतो तो पुढे जाताना दिसतो.

म्हणूनच वेगाची वाटणी महत्त्वाची ठरते. तुमची २०० मीटरची स्वतंत्र सर्वोत्तम वेळ २३.८ सेकंद असेल, तर पहिले २०० मीटर २५ च्या आसपास आणि दुसरे २७ च्या आसपास धावणे तुमच्या ५२ सेकंदांना साजेसे आहे. पहिले २०० मीटर २४ सेकंदांत काढण्याच्या मोहात क्रिएटिन फॉस्फेट आणि आम्लता शोषणारी स्नायूची क्षमता लवकर खर्ची पडते, आणि मिळवलेला एक सेकंद शेवटी दोन-तीन सेकंदांनी परत द्यावा लागतो. तुमचे पाय ३२० ऐवजी २८० मीटरलाच जड होत असतील, तर माझा पहिला संशय तुमच्या सहनशक्तीवर नव्हे, पहिल्या २०० मीटरच्या वेळेवर जाईल.

आता धापेकडे वळू. शर्यतीनंतर मी कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब घेऊन लॅक्टेट मोजतो. आधी घाम नीट पुसून पाळी कोरडी करतो आणि पहिला थेंब टाकून देतो, कारण घामातच भरपूर लॅक्टेट असते आणि घाईत घेतलेला थेंब आकडा खोटाच फुगवतो. तुमच्यासारख्या धावपटूची नोंद साधारण अशी दिसते: विश्रांतीत १ मिलिमोल प्रति लिटर, शर्यत संपल्यावर पहिल्या मिनिटाला ११, पाचव्या-सहाव्या मिनिटाला १६ आणि अर्ध्या तासाने ७. धावपटू निपचित पडलेला असताना आकडा चढत जातो, हे पाहून नवखे निरीक्षक चक्रावतात. पण ते लॅक्टेट नव्याने तयार होत नसते. स्नायूत आधीच तयार झालेले रक्तात यायला तेवढा वेळ लागतो. त्यामुळे शेवटच्या रेषेवरच एक थेंब घेऊन शर्यतीचा निष्कर्ष काढणे ही या चाचणीतील नेहमीची चूक आहे.

या नोंदीशेजारी श्वासाची नोंद ठेवा. ऑक्सिजनचा वापर पहिल्या दोन-तीन मिनिटांत झपाट्याने खाली येतो, म्हणजे लॅक्टेट अजून वर चढत असतानाच. अर्ध्या तासाने तुम्ही सहज बोलत असता, वापर विश्रांतीच्या पातळीपेक्षा थोडासाच जास्त असतो, आणि लॅक्टेट मात्र तेव्हाही सातपट असते. धाप जर लॅक्टेटचे कर्ज फेडण्यासाठी असती, तर हे दोन आलेख एकत्र उतरले असते.

‘ऑक्सिजनचे कर्ज’ ही कल्पना ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल आणि त्यांचे सहकारी लप्टन यांनी १९२३ मध्ये मांडली. त्यापूर्वी १९०७ मध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या थकलेल्या स्नायूत लॅक्टिक आम्ल वाढते आणि ऑक्सिजन मिळाल्यावर ते नाहीसे होते, हे दाखवले होते. त्यावरून हिल यांचे अनुमान असे की विश्रांतीत जादा ऑक्सिजनने लॅक्टिक आम्लाचा सुमारे पाचवा भाग जाळला जातो आणि त्या ऊर्जेवर उरलेल्याचे पुन्हा ग्लायकोजेन होते. त्या काळात क्रिएटिन फॉस्फेट ठाऊकच नव्हते. १९३० मध्ये लुंड्सगार्ड यांनी लॅक्टिक आम्ल तयार होण्याचा मार्ग रसायनाने बंद केलेला स्नायूही काही काळ आकुंचन पावतो, हे दाखवले आणि १९३३ मध्ये मार्गारिया, एडवर्ड्स व डिल यांनी कर्जाचे लॅक्टेटशी संबंध नसलेला जलद भाग आणि लॅक्टेटशी संबंधित संथ भाग असे दोन तुकडे केले. यातला पहिला तुकडा आजही टिकून आहे. दुसऱ्याला मात्र पुढच्या मोजण्यांनी धक्का दिला, कारण विश्रांतीत बहुतांश लॅक्टेटचे ग्लायकोजेन होत नाही. ते हृदय, पायांचे आणि इतर स्नायू इंधन म्हणून सरळ जाळतात. जे इंधन एरवीही जाळायचेच होते त्याच्या जागी लॅक्टेट जाळले गेले, तर त्यासाठी जादा ऑक्सिजन लागत नाही. काही वाटा यकृतात जाऊन ग्लुकोज बनतो, त्याला ऊर्जा लागते. पण तो वाटा लहान आहे.

म्हणून आजकाल ‘कर्ज’ न म्हणता ‘व्यायामोत्तर जादा ऑक्सिजन वापर’ असे म्हणतात. शब्द अवजड आहे, हे मान्य. पण तो कारण गृहीत धरत नाही. तुमच्या बाबतीत या जादा वापरातून पहिल्या काही मिनिटांत क्रिएटिन फॉस्फेट पुन्हा तयार होते आणि रक्तातला व मायोग्लोबिनमधला ऑक्सिजन भरला जातो. नंतरचा लांबलेला भाग तापलेल्या शरीराचा, वेगाने धडधडणाऱ्या हृदयाचा, जोरात काम करणाऱ्या श्वसनाच्या स्नायूंचा आणि रक्तात उसळलेल्या ॲड्रेनॅलिनसारख्या संप्रेरकांचा आहे. तासभर मोजत राहिल्यास हा जादा वापर तुमच्या ३ लिटरच्या तुटीपेक्षा अधिक भरतो. घेतले त्याहून जास्त फेडावे लागते, आणि तेही व्याज म्हणून नव्हे, तर ते वेगळेच खर्च आहेत म्हणून. धाप थोडी वेगळी गोष्ट आहे. रक्तातील आम्लता वाढली की शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून ती आवरते, म्हणून ऑक्सिजनची गरज ओसरल्यावरही श्वास काही काळ जोरात चालू राहतो.

झोपावे की चालावे, हे पुढे काय करायचे आहे यावर ठरते. आधी एक इशारा: शर्यत संपताच ताठ उभे राहू नये. पायांतील रक्तवाहिन्या सैल असतात, रक्त खाली साठते आणि भोवळ येऊ शकते. दोन मिनिटे चालणे किंवा सरळ आडवे होणे, दोन्ही चालेल. तासाभरात दुसरी शर्यत असेल, तर थोड्या वेळाने १०-१५ मिनिटे अगदी हलके जॉगिंग करावे; स्नायू तेवढे लॅक्टेट इंधन म्हणून वापरतात आणि पातळी पडून राहण्यापेक्षा बरीच लवकर उतरते. शर्यत दुसऱ्या दिवशी असेल, तर याचा काही फरक पडत नाही, कारण लॅक्टेट तासा-दीड तासात आपोआप मूळ पातळीला येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय दुखतात त्याचाही त्याच्याशी संबंध नाही. उतारावर सावकाश पळणाऱ्याचे लॅक्टेट फारसे वाढत नाही, तरी त्याच्या मांड्या दोन दिवस दुखतात.

सरावातील छोट्या स्प्रिंटांच्या मधल्या विश्रांतीला मात्र वेगळा नियम लागतो. क्रिएटिन फॉस्फेटचा निम्मा साठा अर्ध्या-पाऊण मिनिटात परत येतो, पण जवळजवळ पूर्ण भरण्यास तीन ते पाच मिनिटे लागतात आणि स्नायू आम्लधर्मी असेल तर आणखी. हे काम ऑक्सिजनवरच चालते, म्हणून मध्ये जॉगिंग केले तर उलट उशीर होऊ शकतो. ६ सेकंदांच्या दहा स्प्रिंट, मध्ये ३० सेकंदांची विश्रांती, अशा प्रयोगात दहाव्या स्प्रिंटची सरासरी शक्ती पहिलीच्या सुमारे ७३ टक्क्यांवर आली, आणि तोपर्यंत ग्लायकोजेनचे विघटन जवळजवळ थांबले होते. वेग वाढवायचा म्हणून ३० मीटरच्या धावा अर्ध्या मिनिटाच्या अंतराने घेणारे प्रशिक्षक मला नेहमी भेटतात. तो सराव निरुपयोगी नाही, पण तो वेगाचा सराव राहत नाही. चौथ्या-पाचव्या धावेची वेळ पहिल्यापेक्षा स्पष्ट घसरली, तर विश्रांती अपुरी आहे असे समजावे.

आता तुमचा मित्र. त्याच्या स्नायूंतही लॅक्टेट सतत तयार होते, आणि दीड तासात त्याचे एकूण उत्पादन कमी नसते. फक्त तयार होण्याचा आणि वापरला जाण्याचा वेग सारखा असतो, म्हणून रक्तातला आकडा २-३ मिलिमोलवर स्थिर राहतो. एका तंतूत तयार झालेले लॅक्टेट शेजारचा संथ तंतू आणि हृदय जाळत असतात. त्याची ऑक्सिजनची तूट पहिल्या दोन-तीन मिनिटांतच, सुमारे एका लिटरची, पडते आणि पुढे गरजेइतका ऑक्सिजन मिळत राहतो. म्हणून थांबल्यावर भरून काढण्यासारखे थोडेच उरते, तरी तापमान वाढलेले असल्याने वापर काही काळ किंचित चढा राहतो. त्याने वेग ताशी एखाद किलोमीटरने वाढवला, तर हा तोल मोडू शकतो आणि दर पाच मिनिटांनी घेतलेला आकडा चढत जाईल. ज्या वेगाला तोल जेमतेम टिकतो, तिथे सरासरीने ४ मिलिमोल दिसते. पण व्यक्तीपरत्वे ते २ पासून ७ पर्यंतही असू शकते, त्यामुळे सर्वांना ४ ची एकच रेषा लावण्याला माझा आक्षेप आहे.

त्याला थांबवणारी गोष्ट म्हणजे ग्लायकोजेनचा घटता साठा, आणि त्यामुळे लॅक्टेटच्या चाचणीत एक फसवणूक होते. आठवडाभर कठोर सराव आणि कमी कर्बोदकांचा आहार झाला की त्याच वेगाला त्याचे लॅक्टेट ३ ऐवजी २ दिसते आणि तयारी सुधारली असा समज होतो. प्रत्यक्षात पायरुवेट बनवायला कच्चा मालच कमी असतो. खरी सुधारणा असेल तर त्याच वेगाला नाडीचा वेगही कमी होतो आणि धावणे सोपे वाटते. साठा रिकामा असेल तर धावणे जड वाटते आणि शेवटच्या जोरकस टप्प्यात नेहमी १० ला जाणारा आकडा ६ वरच अडकतो. अशा वेळी मी दोन दिवस हलका सराव व भरपूर कर्बोदके देऊन चाचणी पुन्हा घेतो.